५४ एकर आणि घटनेचा गाभा



कामगार संघटनेलाही घटना असते. दोन-तृतीयांश सभासदांनी ठरविले तर तिचे नियम बदलता येतात. वर्गणी वाढविता येते, कार्यकारिणीतील जागा कमीजास्त करता येतात. आता समजा, एका सर्वसाधारण सभेने त्याच बहुमताने ठराव केला की, यापुढे निवडणूक होणार नाही, आजचे अध्यक्ष तहहयात अध्यक्ष राहतील आणि हा नियम पुढे कोणास बदलता येणार नाही. ही नियमाची दुरुस्ती झाली, की दुरुस्तीच्या नावाखाली संघटनाच बुडविली? देशाच्या राज्यघटनेसंबंधी हाच प्रश्न आमच्या न्यायालयांपुढे कित्येक वर्षे होता. त्याचा एक महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातील शेतजमिनीच्या खटल्यात लागला. आज त्या खटल्याची हकीकत सांगावयाची आहे.

घटनेचे ३६८ वे कलम संसदेला दुरुस्तीचा अधिकार देते. प्रत्येक सभागृहात एकूण सभासदांचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांचे बहुमत, अशी त्याची रीत आहे. काही कलमांसाठी निम्म्या राज्यांची संमतीही लागते. या अधिकाराला मर्यादा कोणती, हे मात्र त्या कलमात लिहिलेले नाही.

मर्यादेचा प्रश्न निघाला तो जमिनीवरूनच. जमीनदारी मोडणारे कायदे न्यायालयांत अडकू लागले, म्हणून १९५१ साली पहिली घटनादुरुस्ती झाली. तिने दोन भिंती उभ्या केल्या. ३१-अ कलमाने जमीनसुधारणेच्या कायद्यांना संरक्षण दिले. ३१-ब कलमाने नववे परिशिष्ट निर्माण केले. त्या यादीत ज्या कायद्याचे नाव चढेल, तो मूलभूत हक्कांचा भंग करतो म्हणून रद्द होणार नाही. आरंभी या यादीत १३ कायदे होते.

यादी वाढत गेली. १९६४ च्या सतराव्या दुरुस्तीने तीत आणखी बरेच कायदे घातले. आपला १९६१ चा महाराष्ट्र शेतजमीन कमाल धारणा कायदा, ज्याला खेड्यांत नुसते ‘सीलिंग’ म्हणतात, तोही त्यांत होता. ती दुरुस्ती सज्जनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनी बहुमताचा निकाल लिहून ती ग्राह्य धरली. त्याच पीठावरील न्यायमूर्ती मुधोळकर यांनी मात्र एक शंका नोंदविली. घटनेच्या मूलभूत वैशिष्ट्यांतच बदल केला, तर त्याला दुरुस्ती म्हणावयाचे, की घटनेचा तेवढा भाग नव्याने लिहिणे म्हणावयाचे? शंका विचारून ते थांबले. उत्तर यावयास नऊ वर्षे लागली.

ते उत्तर २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात मिळाले. तेरा न्यायमूर्ती बसले होते आणि निकाल सातास सहा असा लागला. संसद घटनेचे कोणतेही कलम दुरुस्त करू शकते, परंतु घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही, असे त्या सातांचे म्हणणे. विरुद्ध बाजूच्या सहांत न्यायमूर्ती पालेकर आणि न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. चंद्रचूडांचे नाव लक्षात ठेवावे. ते पुन्हा येणार आहे.

आता महाराष्ट्रात येऊ. १९७५ साली सीलिंगची मर्यादा खाली आणली गेली. बारमाही पाण्याच्या जमिनीला १८ एकर आणि कोरडवाहूला ५४ एकर. शिवाय नवरा, बायको आणि अज्ञान मुले मिळून एक ‘कुटुंब घटक’ धरला. कल्पनेने एक उदाहरण घेऊ. मंगळवेढ्याकडील एका शेतकऱ्याची ज्वारीची कोरडवाहू जमीन ४० एकर आहे आणि त्याच्या बायकोला माहेरकडून मिळालेली ३० एकर आहे. घरात दोन अज्ञान मुले. वेगवेगळे मोजले तर दोघेही मर्यादेच्या आत. एकत्र मोजले तर ७० एकर होतात आणि १६ एकर जादा ठरून भूमिहीनांना वाटण्यासाठी सरकारकडे जातात. बायकोची जमीन नवऱ्याच्या खाती का धरता, ही तक्रार पोकळ नव्हती. पण जो दुसऱ्याच्या बांधावर मजुरीने राबत होता, त्याला त्या १६ एकरांत आपले घर उभे राहताना दिसत होते. दोघेही आपलेच लोक. म्हणून हा खटला नुसता वकिलांचा नव्हता.

जमीनधारक न्यायालयात गेले. १९७७ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे फेटाळले, कारण कायदा नवव्या परिशिष्टात होता आणि १९७५-७६ चे दुरुस्ती कायदेही १९७६ च्या चाळिसाव्या घटनादुरुस्तीने तेथे गेले होते. मग आणीबाणी उठल्यावर जमीनधारकांनी निराळाच पवित्रा घेतला. कायदा भिंतीआड आहे हे कबूल. पण ती भिंतच मूलभूत चौकट मोडून बांधली असेल तर? हाच वामनराव विरुद्ध भारत सरकार हा खटला. त्याचा आदेश ९ मे १९८० रोजी निघाला आणि सविस्तर कारणे १३ नोव्हेंबर १९८० रोजी आली. मुख्य निकाल सरन्यायाधीश चंद्रचूड यांचा. सात वर्षांपूर्वी ज्या तत्त्वाविरुद्ध त्यांनी मत दिले, तेच तत्त्व आता न्यायालयाचा कायदा म्हणून त्यांनी लावून दाखविले.

त्यांनी दोन भिंती वेगळ्या तपासल्या. ३१-अ चा येथे तपासलेला भाग जमीनसुधारणेपुरता आहे. जमिनीच्या मालकीतील ढळढळीत विषमता कमी केल्याने घटनेचा गाभा दुखावत नाही, उलट बळकट होतो. म्हणून ही भिंत शाबूत राहिली. ३१-ब ची गोष्ट निराळी. त्या यादीत कोणत्याही विषयाचा कायदा घालता येतो, म्हणजे संसदेच्या हाती ती कोरी हुंडीच. तेव्हा न्यायालयाने एक तारीख आखली. २४ एप्रिल १९७३ पूर्वी यादीत गेलेले कायदे सुरक्षित, कारण त्यांच्या भरवशावर लोकांचे व्यवहार होऊन गेले होते. त्यानंतर घातलेला प्रत्येक कायदा मूलभूत चौकटीच्या कसोटीवर तपासता येईल.

मग आपल्या ५४ एकरांचे काय झाले? मूळ कायदा १९६४ साली यादीत गेला, म्हणून तो तारखेच्या अलीकडे सुरक्षित. दुरुस्ती कायदे १९७६ साली यादीत गेले, म्हणून ३१-ब ची भिंत त्यांना पुरेशी नव्हती. परंतु ते जमीनसुधारणेचे असल्याने ३१-अ त्यांच्या पाठीशी होते. सीलिंग टिकले. आमच्या उदाहरणातील १६ एकर जादा ते जादाच राहिले. न्यायालयाने तपासणीचा अधिकार आपल्या हाती ठेवला आणि तपासून जमीनसुधारणेला पसंती दिली. मूलभूत चौकट म्हणजे श्रीमंतांचे कुंपण, असे आमच्या चळवळीत जे म्हणतात, त्यांनी हा निकाल जरूर पाहावा.

त्याच वर्षी, ३१ जुलैला, मिनर्व्हा मिल्स खटल्याचा निकाल लागला. हा खटला बंगळूरच्या एका कापड गिरणीचा, म्हणून गिरणीच्या या गावात त्याचे नाव घेतलेच पाहिजे. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने ३६८ व्या कलमातच लिहून टाकले होते की, घटनादुरुस्तीला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही आणि दुरुस्तीच्या अधिकाराला काही मर्यादा नाही. न्यायालयाने ती कलमे रद्द केली. मर्यादित अधिकार ज्याला दिला, त्याने तोच अधिकार वापरून तो अमर्याद करून घ्यावा, हे चालणार नाही, असे कारण दिले. आरंभीच्या तहहयात अध्यक्षाचा ठरावही असाच असतो.

या तत्त्वाची एक उणीव सांगणे भाग आहे. चौकटीत काय काय येते, याची यादी घटनेत छापलेली नाही. कायद्याचे राज्य, न्यायालयीन तपासणी, मुक्त निवडणुका, अशी नावे न्यायमूर्तींनी खटल्याखटल्यातून सांगितली. उद्या आणखी निघतील, आणि ती ठरविणारे लोकांनी निवडलेले नसतात. २००७ च्या जानेवारीत नऊ न्यायमूर्तींनी कोएल्हो खटल्यात वामनरावची तारीख कायम केली आणि कसोटी थोडी स्पष्ट केली. कायद्याचे नाव किंवा हेतू पाहावयाचा नाही. त्याचा हक्कांवर प्रत्यक्ष परिणाम काय होतो आणि त्यात हक्काचे सत्त्व उरते की नाही, ते पाहावयाचे. तेव्हा यापुढे एखादी घटनादुरुस्ती वर्तमानपत्रात वाचाल, तेव्हा ती चांगली की वाईट, एवढेच विचारून थांबू नका. तिने कोणाचे काय घेतले आणि ती चुकली असे वाटले तर तसे म्हणावयास कोणते दार उघडे ठेवले, हेही विचारा.