धावशर्यत : सहभागींचे अपघात विमासंरक्षण

सार्वजनिक रस्त्यावर होणाऱ्या शर्यतीत भाग घेणाऱ्या सर्वांसाठी आयोजकाने विमा कंपनीकडे केलेली सामूहिक संरक्षणाची मागणी. वैयक्तिक अपघात विम्याचेच हे सामूहिक रूप आहे. पॉलिसी आयोजकाच्या नावे निघते, विमेदार धावक असतात आणि मुदत बहुधा एका दिवसाची असते. जखमी किंवा कोसळलेल्या धावकाला रुग्णालयापर्यंत नेण्याची व्यवस्था हा या मागणीचा दुसरा भाग. सोलापुरात अशा शर्यतीसाठी पोलीस आयुक्तालय आणि महानगरपालिका या दोघांशी आयोजकाचा संबंध येतो. त्या धावपळीत विम्याचे पत्र शेवटच्या आठवड्यात दोन ओळींत उरकले जाते आणि त्यात ‘सर्व सहभागींचा अपघात विमा हवा’ एवढेच असते. ही मागणी अपुरी आहे, कारण शर्यतीत ज्यामुळे जीव जाण्याची भीती सर्वांत अधिक, ती घटना विम्याच्या व्याख्येत अपघात ठरतच नाही.

भारतीय पॉलिसींत अपघात म्हणजे बाह्य, दृश्य आणि हिंसक कारणाने घडलेली आकस्मिक, अनपेक्षित व अनैच्छिक घटना. खड्ड्यात पाय मुरगळून हाड मोडले किंवा दुचाकीने ठोकरले, तर ते या व्याख्येत नीट बसते. धावता धावता हृदयक्रिया बंद पडली तर बाह्य कारण दाखवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आयुर्विमा महामंडळासंबंधीच्या एका दाव्यात हेच स्पष्ट केले. मोटारसायकल चालवताना एका विमेदाराच्या छातीत कळ आली, तो खाली पडला आणि हृदयविकाराच्या झटक्याने मरण पावला. पडण्यामुळे झालेली इजा मृत्यूचे कारण असल्याचा पुरावा नव्हता, म्हणून अपघाती लाभ नाकारणे न्यायालयाने योग्य ठरवले. शर्यतीत कोसळलेल्या धावकाच्या कुटुंबालाही हाच निकाल दाखवला जाईल. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख धावकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांत हृदयक्रिया बंद पडण्याच्या ५९ घटना आढळल्या आणि त्यांतील ४२ जण दगावले. प्रमाण लाखात एकाहूनही कमी आहे, पण शर्यतीतील मृत्यू म्हणजे प्रामुख्याने हाच. उष्माघाताबाबतही विमा कंपनीशी वाद होऊ शकतो, कारण ऊन बाह्य असले तरी ते ‘हिंसक’ आहे का, हा प्रश्न उरतोच.

म्हणून मागणीपत्रात शब्दांची खबरदारी घ्यावी लागते. समजा, सोलापुरात २,००० धावकांची २१ किलोमीटरची शर्यत आहे. पत्रात पहिली गोष्ट वेळेची. संरक्षण शिट्टी वाजल्यापासून अंतिम रेषेपर्यंत ठेवले, तर रेषा ओलांडल्यावर दहा मिनिटांनी कोसळलेला धावक बाहेर राहतो. म्हणून मैदानात हजेरी लावल्यापासून शर्यत संपल्यानंतरच्या ठरावीक तासांपर्यंतचा काळ नमूद करावा. दुसरी गोष्ट लाभांची. मृत्यू आणि कायमचे अपंगत्व हा अपघात विम्याचा गाभा. रुग्णालयाचा खर्च वेगळा मागितला तरच मिळतो. विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून लागू केलेल्या ‘सरल सुरक्षा बीमा’ या प्रमाणित पॉलिसीतही अपघातानंतरच्या रुग्णालयाचा खर्च ऐच्छिक जोड म्हणूनच आहे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट : ‘शर्यतीदरम्यान हृदयक्रिया बंद पडणे, हृदयविकाराचा झटका व उष्माघात यांवरील उपचारांचा खर्च अपघाताच्या व्याख्येशी न जोडता द्यावा’ अशी पुरवणी नेमक्या शब्दांत मागावी. कंपनी नकार देईल किंवा हप्ता वाढवेल. नकार आला तर तो लेखी घ्यावा आणि धावकांच्या नोंदणी अर्जावर ‘या विम्यात हृदयविकार नाही’ असे ठळक छापावे. नाहीतर धावक नसलेल्या संरक्षणावर विसंबून राहतो.

यादीचा प्रश्नही इथेच येतो. १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबीनुसार हप्ता आधी मिळाल्याखेरीज कंपनी जोखीम स्वीकारू शकत नाही. आदल्या संध्याकाळी बिब वाटताना ऐनवेळी शंभर नावे वाढली आणि त्यांचा हप्ता पोहोचला नाही, तर ते शंभर जण विम्याविना धावतात. अंदाजे संख्येचा हप्ता आगाऊ भरून बिब क्रमांकानुसार अंतिम यादी पाठवण्याची मुभा पॉलिसीतच घेतली, तर ही फट बुजते. नामनिर्देशिताचे नाव अर्जातच विचारावे.

रुग्णवहनाच्या व्यवस्थेबाबत मात्र विमा फार थोडे करू शकतो. पॉलिसी रुग्णवाहिकेचे बिल देते, रुग्णवाहिका पाठवत नाही. हृदयक्रिया बंद पडल्यावर छातीदाब आणि विजेचा धक्का मिळेपर्यंतच्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. म्हणजे रुग्णवाहिका दहा मिनिटांत आली तरी ती उशिराच आली. वरील अमेरिकी अभ्यासात बहुतेक घटना शर्यतीच्या शेवटच्या चतुर्थांशात घडल्या होत्या. म्हणून धक्का देणारी यंत्रे, म्हणजे एईडी, अंतिम रेषेजवळ आणि शेवटच्या पाच किलोमीटरवर दाट ठेवावीत आणि काही दुचाकीवरून फिरती ठेवावीत. उष्माघातात क्रम उलटा लागतो : आधी गार करणे, मग नेणे. शरीराचे आतले तापमान ४० अंशांपुढे गेले आणि धावक असंबद्ध बोलू लागला, तर त्याला जागेवरच बर्फाच्या पाण्यात बसवावे लागते. अमेरिकेतील फाल्मथ येथील शर्यतीत १८ वर्षांत असे २७४ रुग्ण या पद्धतीने हाताळले गेले आणि सर्व वाचले. सोलापूरच्या उन्हात ही टाकी वैद्यकीय तंबूतली पहिली वस्तू असायला हवी.

शहराचा नकाशाही पत्राला जोडावा. सोलापुरात रेल्वेमार्ग शहराला छेदून जातो. शर्यतीसाठी बंद केलेला रस्ता आणि पलीकडे जाण्याचा रस्ता एकच असेल, तर रुग्णवाहिका अडकते. जानेवारीच्या मध्यावर सिद्धेश्वर यात्रेच्या गर्दीने जुन्या शहरातले रस्तेही भरतात. प्रत्येक टप्प्यावरून कोणत्या रुग्णालयात, कोणत्या रस्त्याने जायचे हे आधी ठरवून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आणि एखादे हृदयोपचार असलेले खासगी रुग्णालय यांची लेखी संमती घ्यावी. १०८ ही राज्यभरची सेवा आहे. ती शर्यतीसाठी राखून ठेवलेली आहे असे समजू नये. विमानाने रुग्ण नेण्याचे कलम दिसायला भव्य असते. पण हवाई रुग्णवाहिका मिळेपर्यंतचा वेळ पाहता ते पहिल्या तासासाठी निरुपयोगी आहे. पुणे सुमारे अडीचशे किलोमीटरवर आहे आणि तिथे न्यायचेच तर रुग्ण सोलापुरातच स्थिर झाल्यावर.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला : धोका इतका विरळ असताना खर्च कशाला? विरळ असल्यानेच तो प्रत्येक धावकामागे थोड्या हप्त्यात वाटून घेता येतो, आणि विरळ असल्यानेच कोणताही धावक स्वतःहून त्याची तयारी करत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : धावकाकडे स्वतःची आरोग्य पॉलिसी असते. ते बऱ्याच अंशी खरे आहे. आरोग्य पॉलिसी हृदयविकारावरील रुग्णालयाचा खर्च देते आणि हौशी धावणे तिच्या वगळलेल्या साहसी खेळांत बसत नाही. पण आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ असू शकतो आणि शर्यतीत विद्यार्थी, कामगार व पॉलिसी नसलेलेही धावतात. आयोजकाचे संरक्षण त्यांच्यासाठी आहे. इतरांच्या पॉलिसीवर ते पूरक म्हणून राहू शकते. नोंदणीच्या वेळी सही घेतलेले ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ हे निवेदन मात्र आयोजकाचा हलगर्जीपणा झाकू शकत नाही. त्यासाठी आयोजकाने त्रयस्थांच्या दायित्वाची वेगळी पॉलिसी घ्यावी. १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा धोकादायक पदार्थ हाताळणाऱ्यांसाठी आहे, शर्यतींसाठी नाही.