पूर्वाश्रमीचा विषय

29 जानेवारी 1992 रोजी ॲमस्टरडॅमच्या फ्राय विद्यापीठातले प्राध्यापक अँड्र्यू टॅननबॉम यांनी `comp.os.minix` या न्यूजग्रुपवर एक पत्र टाकलं. विषयाच्या जागी तीनच शब्द होते: `LINUX is obsolete`. मिनिक्स ही टॅननबॉम यांनी शिकवण्यासाठी लिहिलेली संगणक प्रणाली होती आणि हा न्यूजग्रुप तिच्याच वापरकर्त्यांचा. लिनक्स काही महिन्यांचं पोर होतं, आणि त्याचा कर्ता लिनस टोरवाल्ड्स हेलसिंकीतला बावीस वर्षांचा विद्यार्थी. त्याने त्याच दिवशी उत्तर दिलं, तेही चांगलंच तडकून. असा विषय वाचल्यावर गप्प बसवत नाही, हे त्याने उत्तरात सुरुवातीलाच सांगून टाकलं.

या वादाची तांत्रिक बाजू अनेकांनी अनेकदा सांगितली आहे. मला रस आहे तो दुसऱ्या दिवशीच्या त्याच्या पत्रात. रात्रीतून डोकं थंड झालेल्या टोरवाल्ड्सने माफी मागितली, आणि मागताना विषयाची ओळ अशी केली:

```
Subject: Apologies (was Re: LINUX is obsolete)
```

संगणकावरच्या पत्रव्यवहाराची एक अख्खी रीत या ओळीत दिसते. नवा विषय पुढे, जुना कंसात. वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचनेत लग्नानंतरच्या नावाशेजारी ‘पूर्वाश्रमीच्या’ म्हणून माहेरचं नाव देतात, तसा हा कंस. ज्याला प्रणालीच्या रचनेवरचा वाद वाचायचा होता त्याला कळलं की हे पत्र माफीचं आहे. ज्याला माफी कशाबद्दल हा प्रश्न पडला त्याला उत्तर कंसात मिळालं. 3 फेब्रुवारीला टॅननबॉम यांनी मिनिक्सवर नाराज असलेल्यांना उद्देशून लिहिलं तेव्हा त्यांनी `Unhappy campers` असा नवाकोरा विषय घेतला, कंसाविना. म्हणजे त्याच आठवड्यात, त्याच न्यूजग्रुपवर दोन्ही प्रकार सापडतात: चालू गप्पांना फुटलेली फांदी, आणि वेगळं लावलेलं झाड.

ही रीत आली कुठून? विषयाची ओळ तर संगणकाच्या आधीची. आपल्या सरकारी पत्रांत आजही वर ‘विषय’ आणि त्याखाली ‘संदर्भ’ असतो. संदर्भात आधीच्या पत्राचा क्रमांक आणि दिनांक. ईमेलने कचेरीच्या मेमोतली पहिली ओळ तेवढी लवकर उचलली. सप्टेंबर 1973 मध्ये आर्पानेटवर आरएफसी 561 हा दस्तऐवज निघाला. त्यात पत्राच्या माथ्यावर `From:`, `Date:` आणि `Subject:` अशा ओळी असाव्यात असं सुचवलं होतं. चार लेखकांत पहिलं नाव अभय भूषण यांचं: आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी, पुढे एमआयटीत गेलेले. ईमेलच्या विषयाच्या ओळीला असा एक भारतीय हात लागला आहे, याचा आपल्याकडे फारसा गाजावाजा झालेला नाही.

संदर्भाची ओळ त्यानंतर आली. नोव्हेंबर 1977 च्या आरएफसी 733 मध्ये प्रत्येक पत्राला स्वतःचा ओळख-क्रमांक, `Message-ID:`, देण्याची सोय होती आणि उत्तर देताना जुन्या पत्राचा क्रमांक `In-Reply-To:` किंवा `References:` या ओळीत लिहायची सोयही. हे क्रमांक वाचणाऱ्याच्या नजरेस सहसा पडत नाहीत. पण पुढची सगळी गोष्ट यांच्याभोवती फिरते, कारण आता दोन पत्रांचं नातं ओळखायला दोन खुणा झाल्या. एक माणसाने वाचायची, शब्दांची; दुसरी यंत्राने वाचायची, क्रमांकांची.

सुरुवातीला वाचनाच्या प्रोग्रामांचा भर शब्दांवर होता. यूझनेटसाठी लॅरी वॉल यांनी (पुढे पर्ल भाषा केली ते हेच) 1984 मध्ये `rn` हा प्रोग्राम लिहिला. त्यात कंट्रोल धरून `N` दाबलं की त्याच विषयाचं पुढचं पत्र यायचं, आणि `k` दाबलं की त्या विषयाची सगळी पत्रं वाचल्यासारखी बाजूला व्हायची. दिवसाकाठी ढीगभर पत्रं येणाऱ्या न्यूजग्रुपात `k` हेच वाचकाचं खरं हत्यार होतं, आणि त्याचा नेम लागायचा तो विषयाच्या ओळीवर.

विषय बदलण्याची गरज का पडली ते इथे कळतं. समजा, एखाद्या संपादकाच्या कळांवरून सुरू झालेली चर्चा तिसाव्या पत्रात मुद्रणदोषांवर गेली आणि ओळ तीच राहिली. कळांचा कंटाळा आलेल्याने `k` दाबलं आहे; त्याला ती मुद्रणदोषांची चर्चा दिसणार नाही, मग त्याचा जन्म छापखान्यात का गेलेला असेना. उलट, ओळ बदलून जुनं नाव पूर्ण पुसलं, तर कळांपासून वाचत आलेल्याचा धागा हातून सुटतो. `was` चा कंस ही या दोन वाचकांमधली तडजोड होती. ती कोणा एकाच्या डोक्यातून निघाली असेल असं मला वाटत नाही; अशा रीती हातोहात तयार होतात. नियम करणारे मात्र सावध होते. मार्क हॉर्टन यांनी 1983 साली यूझनेटच्या पत्रांचा साचा आरएफसी 850 मध्ये बांधून दिला, तेव्हा उत्तराचा विषय आपोआप `Re: ` ने सुरू व्हावा असं ठरवलं आणि `References:` सक्तीची केली.

ती सक्ती फळाला यायला काही वर्षं गेली. 1990 च्या सुमारास वेन डेव्हिसन यांनी `rn` ला धाग्यांची जोड देऊन `trn` केलं. आता पत्रं क्रमांकांवरून जोडली जाऊ लागली आणि पडद्याच्या कोपऱ्यात उत्तर-प्रत्युत्तरांचं झाड दिसू लागलं. नेटस्केपच्या मेल प्रोग्रामसाठी जेमी झाविन्स्की यांनी लिहिलेली पद्धतही अशीच: आधी क्रमांक जुळवायचे, त्यातून कोणी अनाथ उरलंच तर विषयाचे शब्द पाहायचे. अशा प्रोग्रामात विषय बदलल्याने काहीच तुटत नाही. फांदीला नवं नाव मिळतं आणि ती झाडावरच राहते.

कंसाचा वंश वाढू नये याचीही काळजी घ्यावी लागली. दर वळणावर नवा कंस लागला तर ओळ सापाच्या शेपटीसारखी लांबते आणि खरा विषय पडद्याबाहेर जातो. म्हणून रीत अशी पडली की कंस फक्त वळणावरच्या पहिल्या पत्रात. त्याला उत्तर देणाऱ्याने तो काढून टाकायचा. ईमॅक्समधल्या पत्रलेखनात `message-change-subject` ही आज्ञा दिली की ती नवा विषय विचारते आणि जुना कंसात स्वतःच लावते. त्या पत्राला कोणी उत्तर देऊ लागलं की शेपटीचा `(was: …)` ओळखून काढण्याची सोयही तिथेच आहे.

मग 1 एप्रिल 2004 ला जीमेल आलं आणि गाडी उलटी फिरली. जीमेल पत्रांची ‘संभाषणं’ करतं आणि विषयाची ओळ बदलली की नवं संभाषण सुरू करतं. शंभराच्या वर पत्रं गेली तरी संभाषण तुटतं, पण तो वेगळा प्रकार. म्हणजे एकच कृती, आणि परिणाम वाचणाऱ्याच्या प्रोग्रामावर अवलंबून. थंडरबर्डच्या धागे-दृश्यात तुमचं पत्र जुन्या झाडावर नव्या नावाने लटकतं. जीमेलमध्ये ते वेगळी चूल मांडतं. लिहिणाऱ्याला समोरच्याकडे काय आहे हे माहीत नसतं, आणि मला वाटतं कंसाची खरी किंमत आताच आहे. जिथे क्रमांकांचा धागा दिसत नाही तिथे जुन्या पत्रांकडे जायची वाट तेवढ्या शब्दांतच उरते.

एखाद्या गृहनिर्माण संस्थेचं उदाहरण घेऊ. ‘पाण्याची टाकी’ या विषयावर वीस पत्रं झाली आहेत. एकविसाव्यात कोणीतरी लिहितं की टँकर आत येतो तेव्हा दोन गाड्या हलवाव्या लागतात, आणि तिथून चर्चा पार्किंगवर घसरते. अशा वेळी धाग्यातल्या शेवटच्या पत्राला उत्तर द्यायचं नाही; जिथे वळण आलं त्या एकविसाव्या पत्रालाच द्यायचं, म्हणजे फांदी योग्य जागी फुटते. विषय बदलायचा (जीमेलच्या वेब पानावर उत्तराच्या बाणाशेजारच्या यादीत ही सोय आहे), आणि खालच्या जुन्या मजकुरातल्या टँकरच्या ओळी तेवढ्या ठेवून बाकीच्या खोडायच्या:

```
Subject: पार्किंग आखणी (was: पाण्याची टाकी)
```

सहा महिन्यांनी टाकीच्या कंत्राटाचा दर हवा झाला की `subject:टाकी` शोधल्यावर ती वीस-एकवीस पत्रं आणि हे वळणाचं एक पत्र मिळतं; उत्तर देणाऱ्यांनी कंस काढला असेल तर पार्किंगचे रुसवेफुगवे मिळत नाहीत. मराठीत मात्र एक खोच आहे. जीमेलचा शोध पूर्ण शब्द जुळवतो. विषयात ‘टाकीच्या सफाईबाबत’ लिहिलं असेल तर ‘टाकी’ शोधून ते हाती लागेलच असं नाही. म्हणून विषयातला मुख्य शब्द प्रत्ययाविना ठेवावा. ‘बाबत’ आणि ‘संदर्भात’ यांचा मोह सरकारी पत्रांनी आपल्याला लावला आहे, तो तिथेच राहू द्यावा. कंसात `was` ऐवजी ‘पूर्वीचा विषय’ असं लिहिलं तर माणसांना ते जास्त कळेल, फक्त ईमॅक्ससारखा प्रोग्राम तो कंस ओळखून काढणार नाही.

याच्या उलट चूक फार दिसते. नवंच काही लिहायचं आहे, पण सगळ्यांचे पत्ते टाइप करायचा कंटाळा. म्हणून जुन्या पत्राला उत्तर देऊन विषय आणि मजकूर दोन्ही बदलायचे. लिहिणाऱ्याला ते नवं पत्र वाटतं. पण `References:` मध्ये जुना क्रमांक तसाच गेलेला असतो. क्रमांकांवर धागे जोडणाऱ्या प्रोग्रामात ‘वार्षिक सभा’ हे पत्र ‘पाण्याची टाकी’ या झाडाच्या आत जाऊन बसतं, आणि तो धागा मिटून ठेवलेल्या सभासदाला सभेचा पत्ताच लागत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: धाग्यात एक पत्र असं दिसतं की त्याच्या विषयात कंस नाही आणि मजकुराचा वरच्या पत्राशी काही संबंध नाही. यावर उपाय पाठवणाऱ्याच्याच हातात, कोरं पत्र उघडण्याचा.

फांदी नीट फुटली तरी एक गोष्ट कोणालाच आवरता आलेली नाही. विषय बदलल्यानंतरही दोघेतिघे जुन्याच पत्राला उत्तर देत राहतात आणि पार्किंगची चर्चा ‘पाण्याची टाकी’ या नावाखाली चालूच राहते. जुन्या धाग्यात एक ओळ टाकावी, ‘पार्किंगचं पुढचं त्या विषयाखाली लिहा,’ इतकंच करता येतं. पाठवलेल्या पत्राचा विषय मागे जाऊन सगळ्यांच्या पेटीत बदलण्याची सोय ईमेलमध्ये नाही.