भूकंप कुठे झाला? – वर्गांच्या बेरजेचे उत्तर

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चार वाजायला चार-पाच मिनिटे असताना लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या जिल्ह्यांच्या सीमाभागात भूकंप झाला. लातूरकडचे किल्लारी आणि आजच्या लोहारा तालुक्यातले सास्तूर यांसारखी गावे जमीनदोस्त झाली. आठ ते दहा हजार माणसे दगावली. भूकंपाची महत्ता ६.२ च्या आसपास होती. जगाच्या मानाने हा काही फार मोठा भूकंप नव्हे. मग एवढा विध्वंस का झाला? दगडमातीच्या जाड भिंतींची घरे हे एक कारण आहेच. पण भूकंपाची नाभी जमिनीखाली किती खोल होती, यावरही उत्तर अवलंबून होते. ही खोली कशी काढतात आणि ती काढताना गणित कुठे अडते, ते आपण पाहू.

भूकंपमापकाच्या नोंदीतून आपण इथे एकच गोष्ट घेऊ: लाट आपल्यापाशी किती वाजता पोचली. शोधायच्या गोष्टी मात्र चार असतात: नाभीचे पूर्व-पश्चिम स्थान, उत्तर-दक्षिण स्थान, खोली आणि भूकंप सुरू झाल्याची वेळ. नोंदकेंद्रे चारांपेक्षा पुष्कळ जास्त असतात. म्हणजे अज्ञात राशी थोड्या आणि समीकरणे अनेक. मोजणीत थोड्या चुका असतातच, त्यामुळे सर्व समीकरणे एकदम खरी ठरवणारे उत्तर सापडत नाही.

हीच अडचण अठराव्या शतकातल्या खगोलशास्त्रज्ञांना होती. १८०५ साली फ्रान्सच्या लजांद्र यांनी धूमकेतूंच्या कक्षांवरील पुस्तकाच्या परिशिष्टात तोड सुचवली. प्रत्येक समीकरणात उरणाऱ्या फरकाचा वर्ग करा आणि या वर्गांची बेरीज कमीत कमी होईल असे उत्तर निवडा. गाउस यांनी १८०९ साली हीच रीत मांडली आणि आपण ती १७९५ पासून वापरतो, असा दावा केला. गाउस ज्या गटिंगेन गावी काम करीत, तिथेच १९१० साली लुडविग गायगर यांनी ती भूकंपाची जागा शोधण्यासाठी वापरली.

गायगर यांची कल्पना अशी. आधी नाभीचा एक अंदाज धरा. त्यावरून प्रत्येक केंद्रावर लाट कधी यायला हवी, ते काढा. प्रत्यक्ष वेळेतून ही अपेक्षित वेळ वजा केली की एक फरक मिळतो. सर्व केंद्रांचे फरक म्हणजे आपली b ही यादी. अंदाज किती सरकवायचा, ती अज्ञात यादी x. अंदाज एका एककाने सरकवल्यास प्रत्येक केंद्रावरची वेळ किती बदलेल, ते सांगणारी सारणी म्हणजे A. आपल्याला Ax शक्य तितके b च्या जवळ आणायचे आहे.

एक छोटे उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यापुरते आहेत. लाट सेकंदाला ८ किलोमीटर जाते असे धरू आणि अंदाज सास्तूरला ठेवू. उत्तर-दक्षिण स्थान व खोली तूर्त बाजूला ठेवू. अंदाज पूर्वेकडे u इतका (८ किलोमीटरच्या एककात) सरकवला, तर पूर्वेच्या केंद्रावर लाट u सेकंद आधी आणि पश्चिमेच्या केंद्रावर u सेकंद उशिरा पोचेल. उत्तरेच्या केंद्राला जवळजवळ काहीच फरक पडणार नाही. सुरुवातीची वेळ t सेकंदांनी पुढे ढकलली, तर तिन्हीकडे t सेकंद उशीर होईल. फरक अनुक्रमे −१, २ आणि ०.८ सेकंद आले असे समजा.

−u + t = −1
u + t = 2
t = 0.8

पहिल्या दोन समीकरणांवरून t = ०.५ येते, तिसरे म्हणते ०.८. म्हणून वर्गांची बेरीज करू:

S = (−u + t + 1)² + (u + t − 2)² + (t − 0.8)²

u बदलून विकलन केले आणि ते शून्य मानले की 2u = 3 मिळते. t च्या बाबतीत 3t = 1.8 मिळते. म्हणजे u = १.५, t = ०.६. अंदाज १२ किलोमीटर पूर्वेला न्यायचा आणि वेळ ०.६ सेकंदाने पुढे ढकलायची. उरलेले फरक ०.१, ०.१ आणि −०.२ सेकंद आहेत. नव्या जागेवरून हीच कृती पुन्हा करतात. सरकणे नगण्य झाले की थांबतात.

अज्ञात राशी कितीही असल्या तरी हेच विकलन एका ओळीत करता येते. S म्हणजे Ax − b या यादीच्या लांबीचा वर्ग. x च्या जागी x + h ठेवून कंस सोडवा:

S(x + h) − S(x) = 2hᵀAᵀ(Ax − b) + |Ah|²

h लहान असेल तेव्हा दुसरे पद पहिल्यापेक्षा खूपच लहान असते. S किमान असेल तर h कोणत्याही दिशेने घेतला तरी पहिले पद शून्य हवे. नाहीतर उलट दिशेने पाऊल टाकून S आणखी कमी करता आला असता. म्हणून

AᵀAx = Aᵀb

हीच नॉर्मल समीकरणे. यांचा अर्थ असा की उरलेले फरक A च्या प्रत्येक स्तंभाला लंब असतात. वरच्या उदाहरणात u चा स्तंभ −१, १, ० आहे. फरकांशी गुणून बेरीज केली की शून्य येते. t चा स्तंभ १, १, १ आहे, तिथेही शून्यच. विद्यार्थ्यांना उत्तराचा ताळा असा करून पाहता येईल.

आता दुसरे पद |Ah|² पाहा. ते कधीच ऋण नसते, म्हणून मिळालेले उत्तर किमानच असते. पण ते एकमेव आहे का? एखाद्या h साठी Ah शून्य झाले, तर त्या दिशेने कितीही सरकले तरी S बदलत नाही. किल्लारीची खोली काढताना धोका इथेच होता.

हैदराबाद आणि पुणे ही दोन्ही ठिकाणे किल्लारीपासून दोनशे किलोमीटरहून दूर आहेत. एवढ्या अंतरावर सर्वांत आधी पोचणारी लाट नाभीपासून खाली उतरते, भूकवचाच्या तळाखालून वेगाने जाते आणि मग वर येते. नाभी एक किलोमीटर खोल नेली, तर तिचे खाली उतरणे तेवढे वाचते. कवचात सेकंदाला ६ आणि कवचाखाली ८ किलोमीटर वेग धरला, तर ती सुमारे ०.११ सेकंद आधी पोचते आणि अशा प्रत्येक केंद्रावर तेवढीच आधी पोचते. म्हणजे खोलीचा स्तंभ सगळीकडे −०.११ आणि वेळेचा सगळीकडे १. नाभी १० किलोमीटर खोल नेऊन सुरुवात १.१ सेकंद उशिरा धरली, तर एकाही केंद्रावरची वेळ बदलत नाही. AᵀA चा निश्चयक शून्याजवळ येतो. फरक अगदी छोटे दिसतात, पण खोलीचा आकडा विश्वासाचा नसतो. नुसते S पाहून हे कळत नाही, स्तंभ तपासावे लागतात.

यावर उपाय म्हणजे वेगळा स्तंभ देणारी नोंद मिळवणे. नाभीच्या जवळ उपकरण असेल, तर तिथे लाट जवळजवळ सरळ खालून येते. नाभी खोल गेली की ती उशिराच पोचते, म्हणजे खोलीच्या स्तंभात चिन्ह बदलते. भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी या भागात तात्पुरती भूकंपमापक केंद्रे उभारली आणि पुढच्या लहान धक्क्यांच्या जागा काढल्या. हे धक्के उथळ होते. किल्लारीजवळ विभंगाची खूण जमिनीच्या पृष्ठभागापर्यंत आलेली आढळली, तीही याला दुजोरा देणारी होती. महत्ता मध्यम असूनही हादरा एवढा तीव्र का बसला, याचे उत्तर या उथळपणात होते.

गायगर यांची रीत हाताने करणे फार कष्टाचे होते, म्हणून ती जवळजवळ पन्नास वर्षे मागे पडली. १९६० च्या सुमारास संगणकांनी तिला नित्याच्या वापरात आणले. पण AᵀA उलटवणे कितीही वेगाने झाले, तरी दूरच्या केंद्रांचे दोन सारखे स्तंभ संगणक वेगळे करू शकत नाही. त्यासाठी गावाजवळ आधीपासून एक भूकंपमापक बसवलेला असावा लागतो.