कूटबद्ध संभाषणप्रत : किल्लीअभावी अनुपलब्ध

व्हॉट्सअॅपवरील संभाषणांची जी प्रत गुगल ड्राइव्ह अथवा आयक्लाउड येथे जमा होते, तिला वापरकर्त्याने स्वतःचे कुलूप घातले असून त्याची किल्ली गहाळ झाली, तर प्रत शाबूत असूनही वाचता येत नाही. ऑक्टोबर २०२१ पासून ही ऐच्छिक सोय उपलब्ध झाली. तिच्या मूळ स्वरूपात दोन मार्ग होते. पहिल्यात ६४ अक्षरांकांची किल्ली केवळ वापरकर्त्याच्या हवाली केली जाते. दुसऱ्यात किल्ली कंपनीच्या सुरक्षित पेटीत राहते व पासवर्डनेच उघडते, परंतु तो मर्यादेबाहेर चुकल्यास पेटी ती किल्ली कायमची अनुपलब्ध करते, आणि मग अर्जविनंत्यांना अर्थ उरत नाही.

उदाहरणादाखल भाईंदर पूर्वेच्या जेसल पार्कातील एखाद्या गृहनिर्माण संस्थेचे सचिव घ्यावेत, ज्यांचा फोन चौपाटीवर फिरताना वसईच्या खाडीत पडला आणि ज्यांच्या त्या फोनमध्ये सभासदांच्या तक्रारी, थकबाकीच्या पावत्या व सभेच्या सूचना असे संस्थेचे निम्मे दफ्तरच साठले होते. नवे सिम मिळते, सहा अंकी ओटीपी जुळतो आणि गटही पूर्ववत दिसू लागतात, कारण सभासदत्वाची नोंद सर्व्हरवर असते. मात्र जुना मजकूर मागताच पासवर्ड विचारला जातो. येथे बहुतेकांची गफलत होते. ओटीपीनंतर कधी मागितला जाणारा द्विस्तरीय पडताळणीचा पिन निराळा, गुगल खात्याचा पासवर्ड निराळा आणि प्रतीचा पासवर्ड निराळा. पहिले दोन विसरले तरी नव्याने ठरवता येतात, तिसरा बदलण्यासाठी मात्र व्हॉट्सअॅप चालू असलेला जुना फोनच लागतो, आणि तो तर खाडीत! जुन्या मेमरी कार्डावर `msgstore.db.crypt15` ही फाइल सापडली, तरी तिलाही तीच किल्ली लागते. ही किल्ली २५६ बिटांची असल्याने दुरुस्तीच्या दुकानातील कोणी ती अंदाजाने शोधून देण्याची हमी देत असेल, तर पैसे न दिलेले बरे.

तथापि घाईने ‘वगळा’ म्हणून पुढे जाणे इष्ट नव्हे, कारण नव्या फोनवरून पुढची प्रत जमा होताच जुन्या प्रतीवर तीच बसते, आणि पुढे एखाद्या वहीच्या मलपृष्ठावर पासवर्ड सापडला तरी उघडण्यास काही राहत नाही. संगणकावर व्हॉट्सअॅप जोडलेले असल्यास, नव्या फोनवर नोंदणी करण्यापूर्वीच त्यातील आवश्यक मजकूर उतरवून घ्यावा. नोंदणी होताच ती जोडणी तुटते, आणि मुख्य फोन वापरात नसल्यास सुमारे चौदा दिवसांनी ती तशीही संपते. उरलेला मजकूर खजिनदाराकडून अथवा एखाद्या जुन्या सभासदाकडून ‘चॅट एक्स्पोर्ट’ करून मागवता येतो, अर्थात त्यांच्या फोनवर तो शिल्लक असेल तेवढाच; सचिवांची खाजगी संभाषणे त्यात येत नाहीत, त्यांसाठी त्या त्या व्यक्तीलाच विनंती करावी लागते.