किल्ला, वेलांटी आणि तीन रकाने

तर झालं असं, की मे महिन्यात भाचा सुट्टीला आमच्याकडे पुण्यात आला होता. सातवीत आहे, सांगलीला मराठी माध्यमात शिकतो. त्याला एक गोष्टीवाला गेम घेऊन द्यायचा होता. दुकानाच्या पानावर भाषांच्या यादीत हिंदीचं नाव दिसलं, मी खूश झालो आणि पैसे भरून टाकले.

गेम सुरू झाला. मेनू हिंदीत, सेटिंग्ज हिंदीत. पहिले दोन-अडीच तास नुसतं पळणं आणि उड्या मारणं, त्यामुळे सगळं छान चाललं होतं. मग पडद्यावर एक म्हातारा आला आणि भरभर इंग्रजीत बोलायला लागला. खाली सबटायटल्स, तीही इंग्रजी. "मामा, हा काय म्हणतोय?" मग पुढचे दोन दिवस मी शेजारी बसून संजयाचं काम केलं. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच गेम बंद केला. म्हणाला, "तुला ऑफिसचं काम असतं ना." मला जरा लागलंच ते.

पैसे परत मिळायची वेळ तोवर निघून गेली होती. रात्री ते पान पुन्हा उघडलं. हिंदीपुढे बरोबरची खूण होती, पण तीनपैकी एकाच रकान्यात. चूक माझीच. पण हे तीन रकाने आले कुठून, आणि आपल्या भाषा तिथे इतक्या उशिरा का पोचल्या? पुढचा आख्खा शनिवार त्यात गेला, म्हणून हा लेख.

डब्यातली भाषा

आमच्या पिढीतल्या कित्येकांनी हॉस्टेलच्या लॅनवर 'एज ऑफ एम्पायर्स २' खेळलाय. तो आला १९९९ मध्ये. त्याच्या फोल्डरमध्ये `language.dll` नावाची एक फाईल असायची. "Castle", "Villager" असले पडद्यावर दिसणारे शब्द तिच्यात, प्रत्येक शब्दाला एक क्रमांक. गेम फक्त क्रमांक मागायचा आणि फाईल शब्द द्यायची. फाईल बदलली की मेनू जर्मन किंवा फ्रेंच. आवाज मात्र वेगळ्या फायलींत, आणि ते बदलायचे तर नट हवेत, स्टुडिओ हवा, दिवस हवेत.

म्हणजे मजकूर स्वस्त आणि आवाज महाग. रकान्यांचं मूळ इथेच आहे. ज्या देशात विक्रीची खात्री नाही, तिथे कंपनी आधी मजकुराचं भाषांतर करते, आवाजाचा खर्च पुढे ढकलते. खर्च फारच जड वाटला तर फक्त मेनूचं करते आणि संवाद तसेच सोडते. भाच्याच्या गेमचं झालं होतं ते नेमकं हेच.

याच्या उलट वागलेली एक कंपनी पोलंडमध्ये होती. सीडी प्रोजेक्ट ही तेव्हा गेम बनवत नसे, बाहेरचे गेम आणून विकत असे. बाजार पायरेटेड सीडींनी भरलेला. १९९९ मध्ये त्यांनी 'बाल्डर्स गेट' हा अफाट संवादांचा गेम घेतला आणि मजकुरासकट आवाजही पोलिश केला. पिओत्र फ्रोन्चेव्स्कीसारखे तिथले नावाजलेले नट आणले. डब्यात नकाशा आणि गाण्यांची सीडीही घातली. पहिल्याच दिवशी १८,००० प्रती बाहेर पडल्या, त्या बाजाराच्या मानाने प्रचंड. रस्त्यावरच्या स्वस्त सीडीत जे मिळत नव्हतं, ते त्यांनी विकलं : स्वतःची भाषा. हीच कंपनी पुढे 'विचर' बनवणारी झाली.

आवाज असला म्हणजे सबटायटल्स असतीलच, असंही नाही बरं का. २००७ चा पहिला 'असॅसिन्स क्रीड' आठवून बघा. एवढा मोठा गेम, आवाज उत्तम, पण सबटायटल्स कुठल्याच भाषेत नाहीत. उच्चार कळला नाही तर संवाद गेला. म्हणून मेनू, आवाज आणि सबटायटल्स या तीन गोष्टी तीन वेगळ्या जागी लिहाव्या लागतात. स्टीमवर गेमच्या पानाच्या उजव्या बाजूला आज जो तक्ता दिसतो, त्याचे रकाने तेच आहेत : Interface, Full Audio आणि Subtitles.

मग देवनागरी कुठे अडकली?

मला वाटायचं, आपल्याकडे लोक विकत घेत नव्हते म्हणून कुणी भाषांतर केलं नाही, संपलं. ते खरंच आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं कारण आपल्या धंद्यातलं आहे.

विंडोज ९८ च्या काळात बहुतेक प्रोग्रॅम 'कोड पेज' वापरून अक्षरं दाखवत. पश्चिम युरोपचं एक पान, रशियनचं दुसरं, जपानीचं तिसरं. गेम चालू असताना मशीनचं जे पान असेल त्यातून अक्षरं उचलायची. देवनागरीला विंडोजने असं पान कधी दिलंच नाही. हिंदी आणि मराठी आल्या त्या विंडोज २००० मध्ये, आणि त्या फक्त युनिकोडमधून. तेव्हाचे गेम तर विंडोज ९८ वर चालायला हवे होते. म्हणजे एखाद्याने हौसेने सगळं भाषांतर करून दिलं असतं, तरी ते भरायला नीट जागा नव्हती. आपण तेव्हा शिवाजी नाहीतर कृतिदेव फाँट लावून इंग्रजी अक्षरांवर देवनागरीचे मुखवटे चढवत होतो, ते उगीच नाही.

युनिकोड आलं तरी दुसरी अडचण उरलीच. 'किल्ला' हा शब्द मेमरीत असा बसतो :

```
क  ि  ल  ्  ल  ा
```

सहा तुकडे. वेलांटी क च्या नंतर साठवलेली, पण दाखवायची क च्या आधी. मधला ल पाय मोडून पुढच्या ल ला जोडायचा. हे काम करणारा वेगळा कोड लागतो, त्याला शेपिंग म्हणतात. ब्राउझरमध्ये आणि फोनमध्ये तो असतो, म्हणून आपल्या कधी लक्षातही येत नाही. गेम इंजिनं मात्र अक्षरं स्वतःच रंगवतात, आणि कित्येकांची समजूत साधी : एक कोड, एक चित्र, डावीकडून उजवीकडे ठेवत जा. युनिटीमध्ये सर्रास वापरला जाणारा टेक्स्टमेशप्रो भारतीय लिप्यांसाठी बराच काळ असाच होता. त्यावर तोडगा म्हणून लोकांनी युनिकोडचा मजकूर परत कृतिदेवमध्ये बदलून वापरला. फिरून तिथेच! गोडो इंजिनात हे काम नीट झालं ते २०२३ मध्ये, चौथ्या आवृत्तीत, हार्फबझ ही शेपिंगची लायब्ररी जोडल्यावर.

आता 'एज ऑफ एम्पायर्स २' कडे परत येऊ. २०१९ मध्ये त्याची 'डेफिनिटिव्ह एडिशन' आली आणि तिच्या मेनूत हिंदी आहे. फोल्डर उघडून बघा :

```
resources\hi\strings\key-value\key-value-strings-utf8.txt
```

क्रमांक आणि शब्द ही १९९९ चीच पद्धत. फक्त dll जाऊन फाईलच्या नावात `utf8` आलंय. वीस वर्षांचा इतिहास त्या चार अक्षरांत आहे. आणखी एक गंमत : यातली हिंदुस्तानी फौज हिंदीत बोलते, तुमचा मेनू जपानी असला तरी. ते बोलणं त्या फौजेचं आहे, भाषांतर नाही. म्हणून ट्रेलरमध्ये कुणी हिंदी बोललं एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

तर घ्यायच्या आधी काय बघायचं

आधी तक्ता पूर्ण उघडा. स्टीम सुरुवातीला थोड्याच भाषा दाखवतं, बाकीच्या खालच्या दुव्यावर टिचकी मारली की दिसतात. आपली भाषा शोधून तिन्ही रकाने आडवे वाचा. गोष्टीवाल्या गेमला Subtitles मध्ये खूण नसेल तर मेनूचा काही उपयोग नाही. बुद्धिबळ किंवा गाड्यांच्या शर्यतीला नुसता Interface पुरतो. तुमची भाषा नसेल तर स्टीम इशारा देतं, पण त्यावर विसंबू नका. तो इशारा तुम्ही स्टीमसाठी निवडलेल्या भाषेपुरता असतो, आणि स्टीमच्या स्वतःच्या भाषांत हिंदीही नाही नि मराठीही नाही. स्टीम इंग्रजीत वापरत असाल तर त्याच्या दृष्टीने सगळं आलबेल.

दुसरं म्हणजे, खूण गेम बनवणाऱ्यानेच केलेली असते. म्हणून त्या भाषेतला पडदा डोळ्यांनी बघा. स्क्रीनशॉट किंवा कुणीतरी खेळतानाचा व्हिडिओ थांबवून तीन गोष्टी शोधा : ऱ्हस्व वेलांटी, एखादं जोडाक्षर आणि रफार. वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडली असेल, 'धर्म' मधला र पाय मोडून नुसताच उभा असेल, तर शेपिंग नाही आणि सगळा गेम तसाच वाचावा लागेल. नुसते चौकोन दिसले तर फाँटच नाही.

तिसरं, माहिती कधीची आणि कुठल्या मशीनची ते बघा. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० मध्ये आला तेव्हा आवाज इंग्रजी होता. हिंदी आवाज आला २०२२ च्या 'एन्हान्स्ड एडिशन'मध्ये. २०२० चं परीक्षण वाचून ठरवलंत तर फसाल. तसंच पीसीवर असलेली भाषा कन्सोलवर असेलच असं नाही, त्या दुकानाचं पान वेगळं उघडा.

आणि घेतल्यावर पहिल्या अर्ध्या तासात एक तरी संवाद ऐका. स्टीमवर २०१५ पासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. गॉगवर २०२० पासून ३० दिवस, खेळला असलात तरी. मी संवाद येईपर्यंत थांबलो, तिथेच अडीच तास गेले.

असो. दिवाळीत भाचा परत येतोय. या वेळी तक्ता त्याच्यासोबत फोनवर वाचला. तिन्ही रकाने तपासून झाल्यावर त्याने विचारलं, "मामा, मराठी कुठेय?" स्टीमवर गेम बनवणाऱ्याला भाषा निवडायची जी यादी मिळते, तिच्यात आता मराठी आहे, म्हणजे जागा झालीय. खूण करणारे अजून फार थोडे. त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "मग ती फाईल आपण लिहिली तर?"

`key-value-strings-utf8.txt` ची एक प्रत काढून ठेवली आहे. पहिला शब्द 'किल्ला'.