दूरचित्रवाणी प्रक्षेपणमार्ग
विरारच्या मनवेलपाड्यात मुसळधार पावसात डीटीएचचे चित्र चौकोनी ठोकळ्यांत फुटते, केबलचे सहसा टिकते. घरावरची छोटी तबकडी सुमारे ३६,००० किमीवरच्या उपग्रहाकडून साधारण ११–१२ गिगाहर्ट्झच्या लहरी घेते. त्या लहरी पावसात क्षीण होतात. केबलचालकाची मोठी तबकडी बहुतेक वाहिन्या ४ गिगाहर्ट्झच्या आसपास घेते. त्या लहरींना पाऊस फारसा अडवत नाही. पुढे तारेतून सर्व वाहिन्या एकदमच घरी येतात, सेट-टॉप बॉक्स हवी ती निवडतो.

आयपीटीव्हीत सेवादात्याच्या राखीव जाळ्यातून फक्त निवडलेली वाहिनी येते. स्ट्रीमिंग अ‍ॅप खुल्या इंटरनेटवरून काही सेकंदांचे तुकडे मागवते. वेग घटला की चित्र आधी धूसर होते, मग थांबते. तुकडे जमवून दाखवण्यात वेळ जातो, म्हणूनच क्रिकेटमधली विकेट शेजारच्या केबलवर बहुधा आधी पडते.