240 कुठून आला? ईओक्यूच्या सूत्राची एक जुनी गोष्ट

इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटी, म्हणजे ईओक्यू, हे सूत्र तुम्ही कधी ना कधी पाठ केलेलं असेल. वर्षाची मागणी D, एका ऑर्डरचा खर्च S, एक नग वर्षभर साठवून ठेवण्याचा खर्च h, आणि उत्तर √(2DS/h). दोन मार्कांचा प्रश्न, दोन मिनिटांत संपतो. आज मात्र याच सूत्राचं मूळ रूप तुमच्यासमोर ठेवायचंय. त्यात 2 हा आकडा दिसतच नाही. तिथे 240 आहे. हा 240 उलगडला की सूत्र कशावर उभं आहे ते कळतं, आणि कशावर उभं नाही तेही कळतं. दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे.

फेब्रुवारी 1913 मध्ये अमेरिकेतल्या ‘फॅक्टरी’ नावाच्या व्यवस्थापनविषयक मासिकात फोर्ड हॅरिस या अभियंत्याचा एक छोटा लेख आला. एका वेळी किती सुटे भाग बनवावेत, एवढाच त्याचा प्रश्न होता. यंत्रावर एखादा भाग बनवायचा तर आधी यंत्राची जुळणी करावी लागते, कागदपत्रं काढावी लागतात. भाग दहा बनवा की हजार, हा खर्च एकदाच होतो. म्हणून जास्त बनवले तर प्रत्येक नगावर त्याचा वाटा कमी पडतो. पण जास्त बनवले की ते गोदामात पडून राहतात आणि त्यांत अडकलेल्या पैशावर व्याज चढत जातं. एक खर्च खाली येतो, दुसरा वर जातो. मधे कुठेतरी सर्वांत स्वस्त जागा आहे.

हॅरिसची मांडणी त्याच्याच अक्षरांत बघू. दर महिन्याला M नग लागतात. एका वेळी X नग बनवतो. एका नगाचा माल आणि मजुरी मिळून खर्च C, आणि एका जुळणीचा खर्च S. व्याज आणि घसारा मिळून त्याने वर्षाला 10 टक्के धरले.

आता प्रत्येक नगामागे खर्च किती? पहिला भाग C. दुसरा जुळणीचा वाटा, S/X. तिसरा व्याजाचा. साठा X पासून शून्यापर्यंत सारख्या वेगाने उतरतो, म्हणून सरासरी साठा X/2. या साठ्यातल्या एका नगाची किंमत हॅरिस फक्त C धरत नाही, C + S/X धरतो, कारण जुळणीचा पैसाही त्या नगात गुंतलेलाच आहे. म्हणजे साठ्याची किंमत (CX + S)/2. त्यावर वर्षाचं व्याज 0.1 ने गुणून. हे व्याज वर्षाच्या 12M नगांवर वाटायचं. 0.1 ला 2 ने आणि 12 ने भागा: 1/240. आपला 240 इथून आला. तो निसर्गाचा स्थिरांक नाही. 10 टक्के व्याज, बारा महिने आणि साठ्याचा निम्मा, एवढंच त्याच्यात आहे.

तर एका नगाचा एकूण खर्च असा:

Y = C + S/X + (CX + S)/(240M)

हॅरिसने पुढच्या पायऱ्या वाचकाला दाखवल्या नाहीत. हे काम उच्च गणिताचं आहे असं सांगून त्याने थेट उत्तर दिलं. आपण त्या पायऱ्या करू, कारण खरी गंमत तिथेच आहे. X च्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह घ्या:

dY/dX = −S/X² + C/(240M)

शून्याशी जुळवलं की X = √(240MS/C). दुसरा डेरिव्हेटिव्ह 2S/X³ येतो. तो X धन असताना कायम धनच असतो, म्हणजे ही जागा किमान खर्चाचीच आहे. आणि D = 12M, h = 0.1C ठेवून पाहा, तुमचं पाठ असलेलं √(2DS/h) समोर येतं.

आता डेरिव्हेटिव्ह घेताना काय गळून पडलं ते बघा. सुरुवातीचा C गेला, हे अपेक्षितच होतं. पण S/(240M) हे पदही गेलं. हॅरिसने काळजीपूर्वक साठ्याच्या किमतीत जुळणीचा खर्च मिळवला होता. तो X वर अवलंबून नाही म्हणून उत्तरात त्याचा मागमूसही राहिला नाही. म्हणून पुढच्या पुस्तकांनी ते पद धरलंच नाही, तरी सूत्र तेच आलं. Q बदलल्यावर जो खर्च बदलत नाही, त्याला या सूत्रात जागाच नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मधल्या काळात या सूत्राचं काय झालं तेही संशोधनाची तयारी करणाऱ्याने ऐकण्यासारखं आहे. 1934 मध्ये आर. एच. विल्सन यांचा साठा नियंत्रणावरचा लेख ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये आला आणि सूत्राला ‘विल्सन सूत्र’ म्हणू लागले. जर्मनीत तेच ‘आंडलर सूत्र’ झालं. हॅरिसचं नाव जिथे राहिलं तिथे संदर्भ 1915 च्या एका पुस्तकाचा दिला जायचा, आणि एकाचा संदर्भ पाहून दुसरा तोच उतरवायचा. शेवटी डोनाल्ड एर्लेनकॉटर या प्राध्यापकांनी मूळ शोधत जाऊन 1913 चा तो लेख बाहेर काढला. 1990 मध्ये ‘ऑपरेशन्स रिसर्च’ या नियतकालिकाने तो पुन्हा छापला. म्हणजे जगभर शिकवलं जाणारं सूत्र पाऊणशे वर्षं चुकीच्या पत्त्यावर राहत होतं.

आता आपल्या भंडारा जिल्ह्यात येऊ. तुमसर, मोहाडी, पवनीकडे राईस मिल काही नवीन नाही. मिलमध्ये धानाचं टरफल काढायला रबर रोलची जोडी असते. दोन रोल वेगवेगळ्या वेगाने फिरतात, त्यांच्या मधून धान जातं आणि टरफल सुटतं. रबर झिजतं, रोल बदलावे लागतात, म्हणून सुटे रोल हाताशी ठेवावेच लागतात. समजा एका मिलला वर्षाला 120 रोल लागतात. नागपूरहून आणायचे तर एका खेपेचा गाडीभाडं, हमाली, माणसाचा दिवस असा खर्च 1000 रुपये. एका रोलची किंमत 3000 धरू आणि ठेवण्याचा खर्च वर्षाला 20 टक्के, म्हणजे 600 रुपये. हे आकडे मी हिशोब सोपा व्हावा म्हणून धरलेत.

Q = √(2 × 120 × 1000 / 600) = √400 = 20

वर्षात सहा खेपा, त्यांचा खर्च 6000. सरासरी साठा 10 रोल, त्यांचा खर्चही 6000. एकूण 12000. किमान जागी दोन्ही खर्च समान येतात, हा उत्तर तपासायचा सर्वांत सोपा मार्ग आहे. ते समान आले नाहीत तर कुठेतरी महिना आणि वर्ष यांची सरमिसळ झालीय असं समजा. M महिन्याचा आणि h वर्षाचा घेतला की उत्तर √12 ने, म्हणजे जवळजवळ साडेतीन पटीने चुकतं.

आता मालकाने 20 ऐवजी 30 रोल आणले तर? खेपांचे 4000, साठ्याचे 9000, एकूण 13000. प्रमाण दीडपट चुकलं, खर्च मात्र आठ टक्क्यांच्या आसपासच वाढला. किमान जागेजवळ खर्चाची रेषा बशीसारखी सपाट असते. म्हणून 19 की 21 यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

अर्थ आहे तो S मध्ये काय धरलं यात. मिलच्या स्टोअरकीपरचा पगार S मध्ये धरायचा का? खूप जण धरतात: वर्षाचा पगार भागिले वर्षाच्या ऑर्डरी. पण एक ऑर्डर वाढली म्हणून त्याचा पगार वाढतो का? नाही. मग तो हॅरिसच्या S/(240M) सारखाच स्थिर आहे, डेरिव्हेटिव्ह घेतला की जायला हवा. तुम्ही त्याला ऑर्डरींमध्ये वाटून S मध्ये कोंबलंत की बदलत नसलेला खर्च बदलतो असं सूत्राला खोटं सांगितलंत. समजा या पगाराच्या वाट्याने S 1000 चा 9000 झाला. उत्तर 60 रोल येईल. खरा खर्च तेव्हा 2000 अधिक 18000, म्हणजे 20000. इथे सपाट बशीही वाचवत नाही. उलट बाजूने, माणूस दुसऱ्या कामासाठी नागपूरला जातच असेल आणि येताना रोल आणत असेल, तर त्या खेपेचा S 1000 नाही, फार कमी आहे. प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारा: एक ऑर्डर वाढली तर हा खर्च वाढेल का?

सूत्राची दुसरी अट आपल्याकडे सरळ मोडते. साठा सारख्या वेगाने उतरतो, हे गृहीत धरूनच X/2 आला. मिलची भरडाई मात्र खरिपाचं धान आल्यावर जोरात असते आणि नंतर मंदावते. समजा हंगामाच्या सहा महिन्यांत महिन्याला 15 रोल लागतात आणि बाकी सहा महिन्यांत 5. महिन्याचा साठवणूक खर्च 50 रुपये घेऊन दोन्हींचा वेगळा हिशोब केला तर हंगामात साधारण 24 आणि नंतर 14 येतात. वर्षभर 20 च आणले तरी तोटा दोन ते सहा टक्के, फार नाही. धोका हंगाम संपताना आहे. शेवटच्या आठवड्यात सवयीने 20 रोल आणले की ते चार महिने पुरतात, आणि रबर पडून राहिलं की कडक होतं. म्हणजे h सुद्धा स्थिर राहत नाही, वेळेबरोबर वाढतो. तिथे हे सूत्र थांबतं. प्रत्येक महिन्याची मागणी वेगळी धरून ऑर्डर ठरवणाऱ्या पद्धती तिथून सुरू होतात.

व्हायवात कोणी ईओक्यू विचारलं तर सूत्र सांगून थांबू नका. Y लिहा, डेरिव्हेटिव्ह घ्या आणि कोणती पदं गळाली ते बोट ठेवून दाखवा. पुढचा प्रश्न बहुधा तिथलाच येईल.